बाईक बघताना आधी आपलं वजन कुठं पडतंय ते बघा

आमच्या मामाच्या पोरानं दोन वर्षांपूर्वी क्रूझर घेतली. गाडी दिसायला एक नंबर, लांबलचक, बसायला बुटकी, टाकी थेंबासारखी, आणि संध्याकाळी राजारामपुरीतनं रंकाळ्यापर्यंत एक चक्कर मारली की गडी खुश. मग पावसाळा संपता संपता आम्ही चौघं गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरून मालवणला गेलो, आणि पोचल्यावर हा गाडीवरनं उतरला तो कंबरेवर हात ठेवूनच. माकडहाड दुखतंय म्हणाला. वर घाटात दोन वळणांवर गाडीखालनं खर्रर्र असा आवाज आला होता, त्याची धास्ती वेगळीच. "दादा, गाडीत काहीतरी फॉल्ट हाय बघ," हे त्यानं त्या दिवशी दहा वेळा तरी ऐकवलं असेल.

परत आल्यावर उद्यमनगरात गाडी दाखवली. सस्पेन्शन ठीक, फ्रेम सरळ, टायर नवे. गाडीत काहीच बिघडलं नव्हतं. ती ज्या कामासाठी बनवली होती ते काम आणि आम्ही तिच्याकडनं करून घेतलेलं काम वेगळं होतं, एवढंच. तेव्हापासनं कोण बाईक घ्यायची म्हणून विचारायला आलं की मी सीसी आणि ॲव्हरेज बाजूला ठेवायला सांगतो आणि आधी तीन ठिकाणं बघायला लावतो: सीट, हँडल आणि फूटरेस्ट. आपलं शरीर गाडीला याच तीन जागी टेकतं. या तीन बिंदूंचा जो त्रिकोण होतो तो कसा आहे त्यावर आपलं वजन ढुंगणावर पडणार, मनगटावर पडणार की पायावर हे ठरतं, आणि क्रूझर, स्पोर्ट, टूरिंग, ॲडव्हेंचर ही जी नावं आपण घेतो त्यांतला निम्मा फरक इथंच आहे. उरलेला निम्मा फ्रेममध्ये.

आता क्रूझरचंच बघू. सीट खाली, हँडल वर आणि मागं आपल्याकडं ओढलेलं, फूटरेस्ट पुढं. म्हणजे बसायची पद्धत आरामखुर्चीसारखी. घरातल्या खुर्चीवर पाय पुढं पसरून बसा आणि हाताचा आधार न घेता, पुढं न वाकता उठायचा प्रयत्न करा. उठताच येत नाही. उठायचं झालं की माणूस आपोआप पाय मागं ओढून स्वतःच्या खाली घेतो आणि मगच उठतो. क्रूझरवर पाय खाली घ्यायला जागाच नाही, ते पुढंच. त्यामुळं समोर खड्डा आला तरी बूड उचलून पायावर उभं राहता येत नाही, वरच्या अंगाचं सगळं वजन सीटवर आणि खड्ड्याचा दणका सरळ माकडहाडातनं मणक्यात. त्यात सीट खाली ठेवायची म्हणून मागच्या शॉकअपला वरखाली व्हायला जागासुद्धा कमीच दिलेली असते. सीट जाड आणि मऊ असते म्हणून पहिला अर्धा तास हे कळत नाही, दोन तासांनी कळतं.

मग अशी गाडी बनवली तरी का? कारण ती अमेरिकेतल्या लांब, सरळ, गुळगुळीत रस्त्यांवर वाढली. तिथं तासन्‌तास हँडल हलवावं लागत नाही, खड्डे नाहीत, आणि इंजिन कमी आरपीएमला दमदार ओढत असलं की गिअर पण बदलावा लागत नाही. तिथं ही बैठक खरोखर आरामाची आहे. आपल्याकडंसुद्धा शहरातनं हळू फिरायला, सिग्नलला दोन्ही पाय सपाट टेकवायला क्रूझरसारखी गाडी नाही. ॲव्हेंजर क्रूझ २२० ची सीट जमिनीपासनं ७३७ मिलिमीटरवर आहे, मिटिऑर ३५० ची ७६५ वर. पाच फूट दोन इंचाचा माणूससुद्धा आरामात सांभाळतो, आणि ही काय लहान गोष्ट नाही.

आता तो घाटातला आवाज. गाडी बुटकी म्हटल्यावर फूटरेस्ट पण जमिनीजवळ आले. वळणावर गाडी तिरकी होते आणि एका ठरावीक तिरकेपणाला फूटरेस्टचं टोक रस्त्याला घासतं. बऱ्याच क्रूझरमध्ये हे साधारण ३० अंशांच्या आसपास होतं. याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. समजा घाटातलं एक वळण २० मीटर त्रिज्येचं आहे. ताशी ३५ च्या स्पीडनं गेलो तर गाडी जवळपास २६ अंश झुकवावी लागते. तेच ४० नं गेलो तर ३२ अंश. म्हणजे फक्त ५ चा फरक, काटा बघितला तरी लक्षात येणार नाही एवढा, पण २६ ला गाडी मुकाट जाते आणि ३२ ला खर्रर्र होतं. टायर रुंद असला तर प्रत्यक्षात आणखी थोडं जास्तच झुकवावं लागतं. आमचा गडी आमच्या मागनं आमच्याच स्पीडनं येत होता, बाकीच्या गाड्यांना त्या स्पीडला काहीच झालं नाही, ह्याचीच घासली.

घासतंय का हे बघायला घाटात जायची गरज नाही. फूटरेस्टच्या टोकाला खालच्या बाजूनं बऱ्याच गाड्यांना एक छोटा बोल्ट किंवा गुंडी असते, ती एका बाजूनं झिजलेली दिसली तर समजायचं हा मालक मर्यादेपर्यंत जाऊन आलाय. फूटरेस्ट घडीचा असतो म्हणून तो घासला तर वर उचलला जातो, तेवढी सूचना मिळते. पण त्याच्या पुढं अजून झुकवली तर सायलेन्सर किंवा स्टँडचा कडक भाग टेकतो आणि मागचं चाक रस्त्यावरनं उचललं जाऊ शकतं. त्यामुळं आवाज आला की स्पीड जास्त झाला असं समजायचं, पण दचकून ब्रेक दाबायचा नाही. पुढच्या वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच स्पीड उतरवायचा.

फ्रेमकडं वळू. क्रूझर लांब का दिसते? ॲव्हेंजरची दोन चाकांतली लांबी, म्हणजे व्हीलबेस, १४९० मिलिमीटर आहे. यामाहा आर१५ ची १३२५. साडेसहा इंचांचा फरक. शिवाय पुढचं चाक धरणारा फोर्क बघा, क्रूझरचा जास्त तिरका असतो आणि स्पोर्ट बाईकचा बराच उभा. उभ्या रेषेपासनं फोर्क किती कलला हे अंशात मोजतात, त्याला रेक म्हणतात. स्पोर्ट बाईकला साधारण २३ ते २५ अंश, क्रूझरला ३० च्या आसपास किंवा वर.

हा रेक कशासाठी ते सुपरमार्केटच्या ट्रॉलीवरनं कळतं. ट्रॉलीचं पुढचं चाक त्याच्या खिळ्याच्या बरोबर खाली नसतं, थोडं मागं असतं, म्हणून ट्रॉली ढकलली की चाक आपोआप सरळ होऊन मागनं येतं. बाईकला पण तेच. हँडल ज्या रेषेभोवती फिरतं ती रेषा खाली जमिनीपर्यंत मनात ओढा, ती टायर जिथं टेकतो त्याच्या थोडी पुढं पडते. ह्या दोघांतल्या अंतराला ट्रेल म्हणतात. ३०० मिलिमीटर त्रिज्येचं चाक आणि रेषेपासनं ३० मिलिमीटर पुढं बसवलेला ॲक्सल धरला तर २४ अंशांच्या रेकला ट्रेल साधारण १०० मिलिमीटर येतो आणि ३२ अंशांना १५० च्या वर. ट्रेल जास्त म्हणजे चाकाला सरळ राहायची ओढ जास्त. हायवेला हात सैल सोडले तरी क्रूझर रुळावर असल्यासारखी चालते ती ह्यामुळं. पण तीच गाडी महाद्वार रोडला गर्दीत चालण्याच्या स्पीडनं वळवायची म्हटलं की हँडल जड लागतं आणि वळवता वळवता आत पडल्यासारखं होतं. एकाच गोष्टीचे हे दोन परिणाम आहेत, दुसरा नको म्हणून पहिला ठेवता येत नाही.

स्पोर्ट बाईक बरोबर उलट्या टोकाला. व्हीलबेस आखूड, रेक कमी, त्यामुळं मनात आलं की वळते. हँडल खाली, कधी कधी फोर्क वर धरून ठेवणाऱ्या टी च्या पण खाली फोर्कलाच पकडलेलं, त्याला क्लिप-ऑन म्हणतात. फूटरेस्ट उंच आणि मागं. उंच कशासाठी ते आता सांगायला नको, झुकवल्यावर घासू नये म्हणून, ह्या गाड्या ४५ अंशांच्या पुढं जाऊ शकतात. आणि माणसाला पुढं वाकवून ठेवायचं कारण फक्त वारा कापणं नाही. छाती टाकीवर आली की वजन पुढच्या चाकावर येतं, आणि ट्रॅकवर जोरात ब्रेक मारून वळणात शिरताना पुढच्या टायरवर वजन लागतंच, नाहीतर तो पकड सोडतो.

फ्रेमला इथं एकच काम जास्त: हँडलची मान आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म जिथं जोडलाय ती जागा, ह्या दोन्ही एका सरळीत राहिल्या पाहिजेत, पीळ पडता कामा नये. वळणात जोर पडल्यावर पीळ पडला तर पुढचं चाक एकीकडं बघतं आणि मागचं दुसरीकडं. म्हणून मानेपासनं स्विंगआर्मपर्यंत दोन जाड पट्टे इंजिनच्या दोन्ही बाजूनं सरळ नेलेले असतात. आर१५ ची डेल्टाबॉक्स फ्रेम ती हीच. केटीएम आरसी ३९० मध्ये तेच काम त्रिकोणात्रिकोणांनी जोडलेल्या नळ्यांची ट्रेलिस फ्रेम करते, पुलाच्या गर्डरसारखी. ही मुख्य फ्रेम दणकट असते खरी, पण मागची शेपटी, जिच्यावर पिलियन बसतो, ती हलकी ठेवलेली असते. त्यावर दोन मोठ्या बॅगा आणि बायकोला बसवून गोव्याला निघणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की मॅन्युअलमधलं वजन एकदा बघा.

मनगटं दुखतात ही स्पोर्ट बाईकची नेहमीची तक्रार, आणि त्यात एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. दसरा चौकात ३० च्या स्पीडला मनगटं दुखतात आणि हायवेला ९० ला त्यामानानं कमी दुखतात. कारण वाऱ्याचा जोर स्पीडच्या वर्गानं वाढतो, ४० चं ८० झालं की जोर चौपट. तो छातीला खालनं उचलून धरतो आणि हातावरचा भार हलका होतो. ही बैठक स्पीडसाठीच आखलीय, सिग्नलसाठी नाही. ज्यांना जमतं ते मांडीनं टाकी घट्ट पकडतात आणि अंग पोटाच्या जोरावर धरतात, हँडलवर रेलत नाहीत. न रेलता दहा मिनिटं शहरात चालवता आली तर ती गाडी तुम्हाला झेपते.

टूरिंगबद्दल आपल्याकडं समज असा की मोठी गाडी म्हणजे टूरिंग. मोठ्या गाड्या आहेतच, होंडा गोल्डविंगचं १८३३ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, वजन साडेतीनशे किलोच्या वर, इतकं की रिव्हर्स द्यावा लागलाय. पण तीच गोल्डविंग १९७५ ला आली तेव्हा तिला पुढं काच नव्हती, बॅगा नव्हत्या. लोकांनी बाहेरनं वारा अडवणारी फेअरिंग आणून लावली, लांबच्या प्रवासाला निघाले, आणि मग १९८० ला कंपनीनं स्वतः फेअरिंग आणि बॅगा लावूनच इंटरस्टेट नावानं गाडी काढली. म्हणजे टूरिंग बाईक हा प्रकार लोकांच्या गरजेतनं घडत गेला.

तिची बैठक मधली. पाठ जवळपास सरळ, किंचित पुढं, कोपर थोडे वाकलेले, फूटरेस्ट बुडाच्या खाली किंवा जरासे पुढं. वजन तिन्ही जागी वाटलेलं, कुठल्याच एका सांध्यावर सगळं नाही, आणि खड्डा आला तर अर्धा इंच उठता येतं. ते अर्धा इंच किती मोलाचं आहे ते कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटर करणाऱ्याला विचारा. आपल्या बजेटमध्ये डॉमिनार ४०० ह्या घरातली, सीट ८०० मिलिमीटर, व्हीलबेस १४५३, म्हणजे आर१५ आणि ॲव्हेंजरच्या मध्ये. हिच्यात थोडा स्पोर्टचा अंश आहे पण मनगटं मोडत नाहीत. अशा गाडीच्या शेपटीचा सांगाडा सामान आणि पिलियन दोन्ही धरून मजबूत केलेला असतो, आणि दिसत नसला तरी टूरिंगचा खरा पैसा तिथं जातो.

काचेबद्दल एक सांगतो कारण पैसे वाया जातात. उंच काच लावली की वारा लागणार नाही असं वाटतं, पण काचेच्या वरच्या कडेवरनं वारा गोल फिरतो, आणि ती कड बरोबर आपल्या हेल्मेटच्या समोर आली तर डोकं थरथरतं, कानात धडधड होते, आणि तासाभरात डोकं ठणकतं. तपासायचं सोपं आहे: मोकळ्या रस्त्यावर साधारण ७० ला सीटवरनं चार बोटं उंच व्हा. धडधड थांबून नुसता सरळ वारा लागला तर काच तुमच्या उंचीला चुकीची आहे, काही इंच कमी किंवा जास्त पाहिजे. बऱ्याचदा छोटी काच बरी पडते.

आणि मग ॲडव्हेंचर. १९८० ला बीएमडब्ल्यूनं आर ८० जी/एस काढली, ८०० सीसीच्या आसपासचं इंजिन आणि खालचा भाग कच्च्या रस्त्याचा, १९८१ ला तिनं पॅरिस-डकार ही वाळवंटातली शर्यत जिंकली, आणि तिथनं हा प्रकार रुजला. आपल्याकडं २०१६ ला हिमालयन आली तेव्हा लोकांना कळलं की खड्ड्याला घाबरायची गरज नाही.

ॲडव्हेंचरची सगळी आखणी उभं राहून चालवण्यासाठी असते, ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. फूटरेस्ट बरोबर आपल्या खाली, हँडल रुंद आणि उंच, टाकी गुडघ्याजवळ सडपातळ. तालमीत पैलवान पवित्र्यात उभा राहतो तसं गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं, गाडी खाली नाचत राहते आणि आपलं अंग वर शांत राहतं, गुडघेच शॉकअप होतात. नव्या हिमालयन ४५० ला पुढं मागं २०० मिलिमीटर सस्पेन्शनची हालचाल आहे, पोटाखाली २३० मिलिमीटर मोकळी जागा, आणि पुढचं चाक २१ इंची. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, लहान चाक आत पडतं, बैलगाडीचं चाक मोठं का असायचं त्याचं एक कारण हेच. रस्त्यावर मात्र ते वळायला थोडा वेळ घेतं, आणि जोरात ब्रेक मारला की पुढचा भाग खाली डुंबतो, कारण सस्पेन्शन लांब आहे.

खरी अडचण उंचीची. सीट ८२५ मिलिमीटर आणि गाडी १९६ किलो. पाच फूट पाचचा माणूस पंजावर उभा राहतो. सपाट रस्त्यावर चालतं, पण एका बाजूला उतार असला आणि त्याच बाजूला पाय टाकायला गेलात तर जमीन चार बोटं लांब असते आणि गाडी तेवढ्यात कलंडते. ह्या गाड्या पडतात त्या बहुतेक थांबताना, स्पीडला नाही. म्हणून थांबायच्या आधी रस्त्याचा कल बघायचा आणि उंच बाजूचा पाय टाकायचा, मग सीटवर जरा सरकून एकच पाय पूर्ण टेकवायचा. दोन्ही पंजे टेकवायचा हट्ट सोडला की उंचीची भीती बरीच जाते.

मामाच्या पोराकडं परत येतो. त्याचं काम असं: रोज राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, महिन्यातनं एकदा पुणे, वर्षातनं चार-पाच वेळा घाट, मागं बहुतेक वेळा बायको. उंची पाच पाच. त्याला आम्ही एका रविवारी तीन दुकानांत फिरवला आणि प्रत्येक गाडीवर तेच केलं. मी पुढनं हँडल धरून गाडी सरळ ठेवली, त्यानं दोन्ही पाय फूटरेस्टवर घेतले आणि हात हँडलवरनं सोडले. स्पोर्टवर पुढं पडायला लागला, म्हणजे तेवढं वजन मनगटावर जाणार. क्रूझरवर मागं रेलला. मग हँडल न ओढता उभं राहायला सांगितलं. क्रूझरवर जमलंच नाही, स्पोर्टवर अवघडून जमलं, ॲडव्हेंचरवर सरळ उभा राहिला, टूरिंगवर थोडं पुढं वाकून सहज. मग बायकोला मागं बसवून परत बघितलं, कारण पिलियन बसला की मागचं सस्पेन्शन दबतं, पाय थोडे जास्त टेकतात, आणि पिलियनचे गुडघे किती दुमडतात ते पण कळतं. स्पोर्टवर वहिनी दोन मिनिटात उतरल्या.

ॲडव्हेंचरवर त्याचं मन गेलं होतं, खोटं कशाला सांगू, माझं पण. पण बायको मागं बसलेली असताना शिरोली नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज पंजावर गाडी सांभाळायची, आणि कच्चा रस्ता वर्षातनं चार दिवस, हा हिशोब बसेना. शेवटी टूरिंगच्या बैठकीची गाडी घेतली. क्रूझर त्यानं विकली नाही, ती आता मामा चालवतात. मामा पासष्टीचे, गुडघे दुखतात, पाय सपाट टेकतात म्हणून त्यांना ती आवडते, आणि त्यांचा सगळा प्रवास घरापासनं मंडई आणि रंकाळा एवढाच. गेल्या महिन्यात आम्ही परत करूळ घाटातनं गेलो, त्याच वळणांवर त्याच स्पीडनं, आणि ह्या वेळी गाडीखालनं आवाज आला नाही.